विश्लेषण : डबक्यातले मूल, दूरचा निर्वासित… सिंगर यांचा निष्कर्ष खरोखर निघतो का?

बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लिहिलेला एक छोटा निबंध गेली पन्नासहून अधिक वर्षे जगभरच्या नीतिशास्त्राच्या वर्गांत वाचला जातो. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा ‘फॅमिन, अफ्लुअन्स अँड मोरॅलिटी’ हा तो निबंध. वाचणाऱ्यांपैकी काहींना तो लगेच पटतो, तर काहींना ‘असे कुठे असते का?’ असे वाटते. पण पटणे किंवा न पटणे ही झाली प्रतिक्रिया. दिलेल्या कारणांतून निष्कर्ष खरोखर निघतो का, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची साधी रीत म्हणजे निबंधातील कारणे एकाखाली एक लिहून काढणे. सिंगर यांच्या निबंधावर ही रीत वापरली की काय दिसते?

निबंधाची पार्श्वभूमी काय?

सिंगर त्या वेळी ऑक्सफर्डमध्ये होते. निबंध नोव्हेंबर १९७१ मध्ये लिहिला गेला आणि १९७२ मध्ये ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ या नियतकालिकात छापून आला. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात येत होते. निबंधात हा आकडा किमान ९० लाख दिला आहे. त्यांना वर्षभर जगवण्याचा अंदाजित खर्च ४६ कोटी ४० लाख पौंड होता, तर तोपर्यंत सर्व मार्गांनी मिळालेली मदत सुमारे साडेसहा कोटी पौंडांची होती. ब्रिटनने दिलेली रक्कम दीड कोटी पौंडांहूनही कमी होती. त्याच ब्रिटनचा ‘कॉन्कॉर्ड’ विमान प्रकल्पात परत न मिळणारा खर्च २७ कोटी ५० लाख पौंडांच्या पुढे गेला होता, याकडे सिंगर यांनी लक्ष वेधले.

युक्तिवाद कसा मांडायचा?

सुरुवात शेवटापासून करायची. लेखकाला आपल्याकडून काय मान्य करून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात लिहायचे. हा निष्कर्ष. मग ‘का?’ असे विचारायचे आणि लेखकाने दिलेली कारणे क्रमाने लिहायची. तर्कशास्त्रात या कारणांना आधारविधाने म्हणतात. आकडे, उदाहरणे, इतिहास हे सगळे तूर्त बाजूला ठेवायचे. सिंगर यांचा निबंध असा आटवला की एवढेच उरते :

१) अन्न, निवारा आणि औषधोपचार न मिळाल्याने होणारे हाल व मृत्यू वाईट आहेत.

२) एखादी वाईट गोष्ट टाळणे आपल्या हाती असेल आणि त्यासाठी नैतिकदृष्ट्या तितक्याच महत्त्वाच्या कशाचाही बळी द्यावा लागणार नसेल, तर ती टाळणे आपले कर्तव्य आहे.

निष्कर्ष : म्हणून मदतनिधीला पैसे देणे आपले कर्तव्य आहे. तो केवळ दानधर्म नव्हे.

निष्कर्ष निघतो का, हे कसे तपासतात?

आधारविधाने खरी आहेत की नाहीत, हा वाद इथे घालायचा नाही. ती सगळी खरी मानायची आणि एकच प्रश्न विचारायचा : ती खरी असूनही निष्कर्ष खोटा असेल, अशी एखादी परिस्थिती कल्पिता येते का? येत असेल तर निष्कर्ष निघत नाही. येत नसेल तर युक्तिवाद वैध आहे.

वरच्या मांडणीत अशी परिस्थिती सहज कल्पिता येते. समजा, मदतनिधीचा एकही पैसा छावणीपर्यंत पोहोचत नाही. भुकेने मरणे वाईट आहे, म्हणजे पहिले विधान खरे. टाळता येण्याजोगे वाईट टाळावे, म्हणजे दुसरेही खरे. तरीही त्या निधीला पैसे देण्याचे कर्तव्य उरत नाही, कारण पैसे देऊन काहीच टळत नाही. निष्कर्ष तुटला. याचा अर्थ साखळीत एक कडी कमी आहे. ती अशी :

३) मदतनिधीला पैसे देऊन आपण असे हाल व मृत्यू टाळू शकतो आणि त्यासाठी तितक्याच महत्त्वाच्या कशाचाही बळी द्यावा लागत नाही.

हे विधान सिंगर यांना मान्यच आहे. तज्ज्ञ निरीक्षक आणि मदतसंस्था आपली मदत दूरवरही जवळजवळ तितक्याच परिणामकारकपणे पोहोचवू शकतात, असे ते लिहितात. पण मुख्य युक्तिवादातले स्वतंत्र आधारविधान म्हणून ते मांडलेले नाही आणि म्हणूनच वाचताना ते नजरेतून सुटते. पहिली दोन विधाने मूल्यांविषयी आहेत. तिसरे मात्र वस्तुस्थितीविषयी आहे आणि ते पुराव्याने खरे किंवा खोटे ठरते. निबंधातले आकडे इथे कितपत उपयोगी पडतात? मदत अपुरी होती आणि सरकारांकडे पैसा होता, एवढे ते दाखवतात. एका व्यक्तीने दिलेल्या रकमेने नेमके काय टळते, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

तीन विधाने झाली, आता तरी निघतो का?

जवळजवळ. दुसरे विधान सांगते की वाईट टाळा. पैसे हा त्याचा एक मार्ग झाला. एखादी डॉक्टर निर्वासित छावणीत जाऊन तितकेच मृत्यू टाळत असेल, तर तिने पैसेही द्यायलाच हवेत, असे या तीन विधानांतून निघत नाही. काटेकोरपणे निघतो तो निष्कर्ष असा : पैसे द्यावेत किंवा तितकेच परिणामकारक दुसरे काही करावे. बहुतेकांना पैशांखेरीज दुसरा मार्ग नसतो, हे चौथे विधान जोडले, तर सिंगर यांचा निष्कर्ष त्या बहुतेकांपुरता पक्का होतो.

बुडणारे मूल या यादीत का नाही?

निबंधातले सर्वांत गाजलेले उदाहरण हेच. उथळ डबक्यात एक मूल बुडते आहे. आत उतरून त्याला बाहेर काढले, तर कपडे चिखलाने भरतील, बाकी काही बिघडणार नाही. अशा वेळी न उतरणे चूक आहे, हे कोणीही मान्य करेल.

मात्र हे उदाहरण आधारविधान नाही. ते दुसऱ्या विधानाला आधार देते. यादीतून ते काढून टाकले, तरी निष्कर्ष निघतोच, फक्त दुसरे विधान का मानावे, याचे कारण कमी होते. हा फरक कळला की टीकाही योग्य जागी करता येते. ‘डबक्यातले मूल समोर असते, निर्वासित हजारो मैलांवर असतो’ असे म्हणणाऱ्याने निष्कर्ष खोडलेला नसतो. उदाहरणातून दुसऱ्या विधानाइतके व्यापक तत्त्व काढता येते का, अशी शंका त्याने घेतलेली असते. सिंगर यांचे उत्तर असे, की अंतराने मदत कठीण होत असेल, तर तेवढाच फरक मोजावा. केवळ दूर असण्याने माणसाचे दुःख कमी वाईट होत नाही.

विधाने खरी, तरी निष्कर्ष चुकीचा, असे होते का?

होते, आणि त्याचे उत्तम उदाहरण याच निबंधात आहे. सिंगर एक संभाव्य पळवाट स्वतःच मांडतात :

१) माझ्यासारख्या परिस्थितीतील प्रत्येकाने ५ पौंड दिले, तर निर्वासितांची गरज भागेल.

२) माझ्यासारख्याच परिस्थितीतील इतरांपेक्षा मी जास्त द्यावे, याला काही कारण नाही.

निष्कर्ष : म्हणून ५ पौंडांहून अधिक देण्याचे बंधन माझ्यावर नाही.

दोन्ही विधाने सिंगर खरी मानतात. गोम पहिल्या विधानातल्या ‘तर’मध्ये आहे. विधान सशर्त आहे, निष्कर्षात मात्र ती अट गायब झाली आहे. २० घरांच्या एखाद्या सोसायटीत हे रोखीने मोजता येते. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीला २० हजार रुपये लागणार आहेत. प्रत्येकाने एक हजार दिले, तर पंप सुरू होईल, हे खरेच. पण आठच घरांनी पैसे दिले, तर १२ हजारांची तूट राहते आणि नळ कोरडाच राहतो. ‘सगळ्यांनी दिले असते तर’ या वाक्यातून ‘माझ्या एक हजारात भागले’ असे निघत नाही. ते निघायला ‘सगळे देणारच आहेत’ हे विधान जोडावे लागते, आणि नेमके तेच खोटे असते.

इथे दुसरी वाट उरते. ‘इतरांनी हात आखडला, तरी माझी जबाबदारी माझ्या न्याय्य वाट्यापुरतीच’ असे तत्त्व उघडपणे मांडता येते. तत्त्वज्ञ लायम मर्फी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अशी भूमिका सविस्तर मांडली आहे. पण मग ते तत्त्व आधारविधान म्हणून लिहावे लागते आणि त्याचा बचावही करावा लागतो. पाच पौंडांच्या युक्तिवादात ते गुपचूप आत येते.

एका शब्दाने निष्कर्ष किती बदलतो?

सिंगर दुसऱ्या विधानाची दोन रूपे देतात. कडक रूपात अट अशी, की ‘तितक्याच महत्त्वाच्या’ कशाचा बळी जाऊ नये. म्हणजे अजून थोडे दिल्याने आपले किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे हाल मदत घेणाऱ्याइतकेच होतील, त्या टोकापर्यंत देत राहावे लागते. सौम्य रूपात ‘नैतिकदृष्ट्या महत्त्वाच्या’ कशाचाच बळी जाऊ नये, एवढीच अट आहे. तेव्हा नवे फॅशनेबल कपडे सोडावे लागतील, पण मुलांचे शिक्षण बहुधा सोडावे लागणार नाही. सिंगर यांना स्वतःला कडक रूपच बरोबर वाटते. मात्र ‘सिंगर म्हणतात, सगळे देऊन टाका’ असे सांगणाऱ्याने आधी कोणते रूप घेतले, ते पाहावे. सौम्य रूपातून तो निष्कर्ष निघत नाही.

वैध म्हणजे खरे का?

नाही. वैधता एवढेच सांगते, की विधाने मान्य केली तर निष्कर्षातून सुटका नाही. त्यामुळे ‘ही अपेक्षा फार जड आहे’ असे वाटणाऱ्याला युक्तिवाद उलटा चालवण्याची मुभा आहे : निष्कर्ष खोटा, म्हणून आधारविधानांपैकी किमान एक खोटे. तर्काच्या दृष्टीने हे पाऊल बिनचूक आहे. पण कोणते विधान खोटे, हे त्याने सांगायला हवे. पहिले नाकारणारा क्वचितच सापडेल. दुसरे नाकारायचे, तर डबक्यातल्या मुलाला वाचवणे बंधनकारक का, याचे दुसरे कारण द्यावे लागते. तिसरे नाकारायचे, तर पैसे कुठे गेले आणि त्यातून काय टळले, याचा पुरावा लागतो. तो पुरावा १९७१ च्या निधीचा वेगळा आणि आजच्या एखाद्या संस्थेचा वेगळा असतो. त्यामुळे पहिली दोन विधाने एकदा मान्य केली, तरी तिसरे प्रत्येक देणगीच्या वेळी नव्याने तपासावे लागते.