खेळ सरळ, तरी खिसा रिकामा

छापा पडला तर शंभर रुपये मिळणार, काटा पडला तर शंभर जाणार. नाणं खोटं नाही, समोरचा लबाड नाही. तुमच्याकडे ३०० रुपये आहेत, त्याच्याकडे ९,७००. कुणा एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचं. खेळ बरोबरीचा, म्हणजे जिंकण्याची संधीही निम्मी-निम्मी असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही कफल्लक होण्याची शक्यता शंभरात ९७ आहे.

हे पटायला मोठं गणित लागत नाही. असे शंभर जण प्रत्येकी ३०० रुपये घेऊन वेगवेगळ्या टेबलांवर बसले असं धरा. सगळ्यांचे मिळून ३०,००० झाले. खेळ बरोबरीचा असल्यामुळे सरासरीने या रकमेत भरही पडत नाही आणि तूटही येत नाही. मात्र खेळ संपताना प्रत्येकाकडे एक तर १०,००० असतात, नाही तर शून्य. मग ३०,००० किती जणांच्या हाती पडतील? सरासरी तिघांच्या. उरलेले ९७ जण रिकाम्या हाताने उठतील. पास्कलने १६५६ मध्ये फर्माला याच जातीचं कोडं घातलं होतं, आणि पुढच्याच वर्षी हायगेन्सच्या पुस्तकात ते छापून आलं.

नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष चढउतारांचा आहे. सरासरी शून्यावर राहिली तरी प्रत्यक्ष हिशेब तिथे थांबत नाही. शंभर फेऱ्यांत तो साधारण दहा पैजांनी इकडे किंवा तिकडे सरकतो, चारशे फेऱ्यांत वीस पैजांनी. म्हणजे फेऱ्यांच्या वर्गमुळाइतका. ९७ पैजांची पुंजी असलेला हा हेलकावा सहज सोसतो. तुमच्याकडे तर तीनच पैजा आहेत. सुरुवातीलाच सलग तीन काटे पडले की खेळ संपला, आणि असं आठात एकदा होतं. ओहोटीनंतर भरती येतेही, पण तोवर तुम्ही टेबलावरून उठलेले असता.

पैज दहा रुपयांची केली तर? शेवटपर्यंत खेळायचं ठरवलंत तर शक्यता तीच राहते, शंभरात ९७. फक्त खेळ लांबतो: सरासरी २९१ फेऱ्यांऐवजी २९,१००. पण शंभर फेऱ्या झाल्या की उठायचंच असं आधी ठरवलंत, तर चित्र पालटतं. शंभराच्या पैजेने त्या शंभर फेऱ्यांच्या आत पैसे संपण्याची शक्यता शंभरात ७६ आहे, तर दहाच्या पैजेने हजारात तीनसुद्धा नाही. लहान पैज आणि ठरलेली वेळ या दोन्ही गोष्टी सोबत असल्या तरच पुंजी टिकते.

हा झाला निखळ बरोबरीचा खेळ. एका शून्याच्या रूलेटमध्ये लाल-काळ्यावर पैसे लावले तर ३७ घरांपैकी १८ घरं तुमची असतात. एवढ्याशा फरकाने, शंभराच्याच पैजेवर ३०० चे १०,००० होण्याची शक्यता शंभरात तीनवरून दहा हजारांत आठवर येते.