कुंकू झटका, मेंदी खरवडा

हळदीकुंकवाला पदरावर कुंकू सांडले की हात आपसूक ओल्या रुमालाकडे जातो. डाग पसरतो तो तिथेच. कोरडे कुंकू धाग्यांवर नुसते बसलेले असते. पाणी लागले की रंग सुटून धाग्यात शिरतो. म्हणून आधी कापड ताणून उलटे धरा आणि मागून टिचक्या मारा, पूड खाली पडेल. उरलेली पूड मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेला झटका. हाताने चोळू नका.

तरीही लाली राहिली तर आतल्या शिवणीजवळ ओला कापूस मिनिटभर दाबून पाहा. कापसाला साडीचा रंग लागला, तर घरी पाणी लावूच नका. ती ड्रायक्लीनिंगला द्या. पैठणीसारख्या जरीच्या साडीलाही हेच लागू. रंग पक्का असेल तर डागाची बाजू खाली करून पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवा आणि मागून, कडेकडून मध्याकडे, गार पाण्याचा बोळा टिपत जा. रंग फडक्यात उतरतो, म्हणून फडक्याची जागा सतत बदला.

हळदीपासून केलेल्या कुंकवाचा डाग साबण लागताच जास्त लाल होतो. घाबरू नका, डाग वाढलेला नसतो. हळद क्षाराने लाल होते. कुंकू मुळात तसेच करतात. साबण नीट निघाला की डाग पिवळसर होतो. पांढरे सुती कापड मग उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. बाजारच्या कृत्रिम रंगाच्या कुंकवाला मात्र हा उपाय लागू पडेलच असे नाही.

मेंदीचे तंत्र वेगळे. ती ओली असते आणि वेळ जाईल तशी गडद होते. चमच्याच्या कडेने कडेकडून आत खरवडून उचला, लगेच मागून गार पाण्याची धार सोडा. गरम पाणी नको. पांढऱ्या सुती कुर्त्यावर तपकिरी छटा उरली तर औषधाच्या दुकानातले ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढेच पाणी एकत्र करा. खाली फडके ठेवून त्याचा बोळा डागावर १५ मिनिटे ठेवा, मग धुवा. फिकट झाला पण गेला नाही, तर पुन्हा करा. रंगीत कापडावर हे करू नका, मूळ रंगही उडेल.

रेशमाचे काय? मेंदीचा रंग त्वचेला आणि केसांना धरतो, कारण दोन्ही प्रथिनांचे असतात. रेशीमही प्रथिनच. त्यामुळे रेशमावर मुरलेली मेंदी बहुधा पूर्ण निघत नाही. क्लोरीनचे ब्लीच तर रेशमाचा धागाच खाते. अशा साडीला घरचे प्रयोग न करता त्याच दिवशी ड्रायक्लीनरकडे न्या, आणि डाग कुंकवाचा की मेंदीचा हे त्याला आवर्जून सांगा.