अंदाज चुकला किती वेळा?

उद्याचा तोटा एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त होणार नाही, असं बँकेचं व्हॅल्यू ॲट रिस्क मॉडेल ९९ टक्के खात्रीने सांगतं. म्हणजे शंभरांतल्या एखाद्या दिवशी तोटा ती मर्यादा ओलांडणारच. व्यवहाराच्या २५० दिवसांत असे सरासरी अडीच दिवस अपेक्षित असतात.

समजा, पाच भरले. मॉडेल चुकीचं ठरलं का? मॉडेल अचूक असूनही निव्वळ योगायोगाने पाच किंवा अधिक दिवस भरण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. दहा किंवा अधिकची मात्र दहा हजारांत तीन इतकीच. म्हणून बासल समितीने १९९६ मध्ये तीन पट्टे आखले: चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा, दहापासून लाल. पिवळ्यात कारणं तपासतात आणि बँकेला सहसा जास्त भांडवल राखावं लागतं. लालमध्ये दोष मॉडेलचाच मानला जातो.

पण हिरवा पट्टाही निर्धास्त करत नाही. मर्यादा प्रत्यक्षात दुप्पट वेळा ओलांडली जाईल असं सदोष मॉडेलही सुमारे ४४ टक्के वेळा हिरव्यातच राहतं. शिवाय नुसती मोजणी दिवसांच्या क्रमाकडे पाहत नाही. चार दिवस वर्षभर विखुरलेले असणं वेगळं, आणि एकाच आठवड्यात आलेले असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बाजार बदलला, तरी मॉडेल बदललेलं नसतं.