पहिल्या दिवशी अर्धं पान

कॉलेज सुरू झालं की सूचनाफलकावर स्टडी सर्कलची नोटीस लागते आणि पहिल्या बैठकीला प्रथम वर्षाची मुलं वर्ग भरून येतात. त्यातली बरीच जण स्पर्धा परीक्षेचा मोफत क्लास असावा अशा समजुतीने आलेली असतात. म्हणून स्वागताच्या भाषणात मी पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकते: "इथे कुणी शिकवणार नाही. नोट्स मिळणार नाहीत, हजेरी नाही, गुण नाहीत. इथे आपण एक छोटा मजकूर घेणार आणि तो सगळ्यांना नीट कळेपर्यंत सोडणार नाही." हे ऐकून काही जण उठून जातात. जाऊ द्यावं. बसून राहतात त्यांना आपण कशासाठी बसलो आहोत हे तरी समजलेलं असतं.

ही पद्धत पहिल्यांदा भक्कमपणे उभी राहिली ती स्वीडनमध्ये. ऑस्कर ओल्सन हा दारूविरोधी चळवळीतला शिक्षक. त्याने 1902 मध्ये लुंड या शहरात असा गट सुरू केला. फारसं शाळेत न गेलेली कष्टकरी माणसं एकत्र बसून पुस्तक वाचत आणि आपसांत चर्चा करत. तज्ज्ञ शिक्षक मुद्दामच ठेवला नव्हता. मीही मुलांना सांगते, "मी तुमच्याबरोबर बसेन, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. ते कुठे सापडेल एवढंच सांगेन."

त्यानंतर बैठकीची रीत. एका गटात आठ ते बारा जण. त्याहून जास्त आले तर दोन गट करायचे, कारण पंधरा माणसांत चार जण गप्प राहून निभावून नेतात. मजकूर अर्ध्या पानाचा, फार तर एका पानाचा. तो घरी दोनदा वाचून यायचा आणि एक प्रश्न कागदावर लिहून आणायचा. प्रश्नाला अट एकच: मजकुरातल्या कुठल्या तरी शब्दावर बोट ठेवता आलं पाहिजे. बैठकीत एक जण पहिली दहा मिनिटं मजकूर काय म्हणतो ते सांगतो. स्वतःचं मत नाही, फक्त मजकूर. मग एक फेरी होते. प्रत्येकाने आपला प्रश्न वाचायचा आणि त्या वेळी कुणी उत्तर द्यायचं नाही. चर्चा त्यानंतर. शेवटी उरलेले प्रश्न दोघा-दोघांना वाटून द्यायचे. त्यांनी ग्रंथालयातून शोध घेऊन पुढच्या वेळी पाच मिनिटांत सांगायचं. मांडणी करणारा आणि टिपण घेणारा दर वेळी बदलतो.

एवढं सांगून भाषण संपवलं तर मुलांच्या हाती नियमच उरतात. म्हणून त्याच दिवशी मी अर्ध्या पानाच्या प्रती वाटते. डावीकडे मूळ राज्यघटनेतलं 45 वं कलम, उजवीकडे 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने आलेलं कलम 21-अ. डावीकडचं कलम सांगतं की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. उजवीकडचं सांगतं की सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना राज्य ते देईल.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की मुलांचे प्रश्न आपोआप नेमके होतात. "डावीकडे 'प्रयत्न' आहे, उजवीकडे तो शब्द नाही. का?" हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा येतोच. दुसरा त्याहून खोल असतो: "आधी सहा वर्षांखालची मुलं धरली होती, मग ती कुठे गेली?" आणि कुणी तरी हळूच विचारतं, "चौदाच का? दहावी तर पंधरा-सोळाव्या वर्षी होते."

हा तिसरा प्रश्न पुरा सोडवून दाखवण्यासारखा आहे. घटना समितीच्या चर्चांचे खंड बऱ्याच कॉलेजांच्या ग्रंथालयांत धूळ खात असतात. 23 नोव्हेंबर 1948 च्या चर्चेत एका सदस्याची सूचना होती की ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला घटनेचंच दुसरं कलम बंदी करतं; मग जे मूल कामावर जाणार नाही ते शिक्षणसंस्थेत असलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजचं कलम 24 ते हेच. म्हणजे चौदा हा आकडा शाळेच्या इयत्तांवरून न येता कारखान्याच्या दारावरून आला.

इथे थांबायचं नाही. कलम 24 उघडून वाचलं की त्यात कारखाने, खाणी आणि धोक्याची कामं एवढंच दिसतं. शेतीचा उल्लेख नाही. गटात कांदा काढणीला किंवा ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेलं कुणी ना कुणी असतंच आणि ते बोलू लागतं. तिथून बालमजुरीच्या कायद्याचा प्रश्न निघतो, तो दोघांना वाटून दिला जातो. ते शोधून आणतात की 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी केली, पण शाळेनंतर आणि सुटीत घरच्या कामधंद्यात मदत करायची मुभा ठेवली. अठरा वर्षांच्या मुलांनी, कुणी न शिकवता, तीन कागद एकमेकांशेजारी ठेवून इथवर यावं, याचं मला फार मोल वाटतं.

'प्रयत्न' या शब्दाचा शोधही असाच लागतो. मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असं आधी म्हटलं होतं. हा भाग मार्गदर्शक तत्त्वांचा, त्यात हक्काची भाषा बसत नाही, म्हणून लक्ष्मीकांत मैत्र यांच्या सूचनेवरून ते शब्द त्याच दिवशी वगळले गेले. मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येत नाही. दहा वर्षांची मुदत 1960 मध्ये संपली. हक्क प्रत्यक्ष लागू झाला तो 1 एप्रिल 2010 ला. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती आणि गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं होतं, हे पुढच्या बैठकीचं वाचन.

गट बिघडतो तो बहुतेक ठरावीक वाटांनीच, आणि भाषणात हेही आधी सांगितलेलं बरं. चर्चा 'आपली शिक्षणव्यवस्थाच खराब' इथे पोचली की समजावं, कागद हातातून सुटला. कुणीही मजकुराकडे मान खाली घालून पाहिलेलं नसतं. तेव्हा कुणीही, अगदी सर्वांत बुजऱ्या मुलीनेही, "कुठल्या ओळीत?" असं विचारायचं, एवढा अधिकार मी पहिल्या दिवशी सगळ्यांना देते. दुसरी वाट म्हणजे बोलणारे एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघू लागतात. मग मी खुर्ची मागे घेते, प्रसंगी बाहेर जाते. तिसरी भाषेची. इंग्रजी माध्यमातून आलेले दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. म्हणून मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्यावा, आणि सुरुवातीची फेरी कधीही गाळू नये. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा आवाज निघत नाही, तो पुढच्या तासाभरात सहसा बोलत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहे. गणितातलं अवघड प्रमेय किंवा प्रयोगशाळेतलं कौशल्य अशा गटात शिकता येत नाही. तिथे जाणता माणूस हवाच. परीक्षेचा अभ्यासक्रमही यातून पुरा होत नाही, तसं आश्वासन मुलांना देऊ नये.

ज्या प्राध्यापकांना यंदा स्टडी सर्कल सुरू करायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे: स्वागताचं भाषण पंधरा मिनिटांत आटपा, प्रमुख पाहुणे बोलावू नका, आणि उरलेल्या वेळात मुलांच्या हातात अर्धं पान द्या.