बावीस टक्क्यांचा हिशेब

फेब्रुवारी २०११ मध्ये जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या पीएचडीच्या प्रबंधातली उचलेगिरी उघडकीला आली. ‘गुटेनप्लाग’ नावाच्या संकेतस्थळावर जमलेल्या स्वयंसेवकांनी प्रबंध ओळीनिशी तपासला, आणि बायरॉइट विद्यापीठाने त्याच महिन्यात पदवी काढून घेतली. स्वयंसेवकांच्या अंतिम नोंदीत ३९३ पैकी ३७१ पानांवर उचललेला मजकूर होता, म्हणजे सुमारे ९४ टक्के. ओळींचा हिशेब मात्र ६४ टक्क्यांच्या आसपास भरला. प्रबंध तोच, उचल तीच. एकदा पाने मोजली, एकदा ओळी. साम्याचा कुठलाही अहवाल हाती आला की टक्का कशाचा, हे पहिल्यांदा विचारायचे ते यासाठी.

सॉफ्टवेअर साधारणपणे शब्द मोजते. ते प्रबंधातून लागोपाठच्या शब्दांचे छोटे तुकडे काढते आणि इंटरनेटवरच्या पानांशी, नियतकालिकांशी, विद्यापीठाकडे जमा असलेल्या जुन्या प्रबंधांशी ताडून पाहते. जुळलेले शब्द भागिले एकूण शब्द, एवढाच तो टक्का. चोरी झाली की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

समजा, बारा हजार शब्दांचा एक जर्मन प्रबंध आहे आणि अहवालाच्या माथ्यावर २२ टक्के आले आहेत. म्हणजे २६४० शब्द जुळले. विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो, पण स्रोत उलगडत गेले की चित्र पालटते. ७८० शब्द संदर्भसूचीतले निघतात. एकाच विषयावर लिहिणारे सगळे तीच पुस्तके नोंदवतात, त्यामुळे ते जुळणारच. १२० शब्द शेवटच्या प्रतिज्ञापत्राचे: ‘हे काम मी स्वतः, अन्य कोणाच्या मदतीशिवाय केले आहे’. प्रामाणिकपणाची ग्वाही देणारे हे पान बहुतेक ठरावीक नमुन्यावरून उतरवलेले असते, आणि यंत्र इमानाने तेच लाल करते! उरलेल्यातले ९०० शब्द अवतरणांतले. हे सगळे वजा केले की ८४० शब्द, म्हणजे ७ टक्के राहतात.

आता हे ८४० शब्द कुठून आले ते पाहायचे. त्यातले ४२० शब्द तीस वेगवेगळ्या स्रोतांशी जुळतात, प्रत्येकाशी चौदा-चौदा. कायद्याचे लांबलचक नाव, संस्थेचे नाव, शास्त्रीय लेखनात सगळेच वापरतात अशी वाक्ये; यात बहुधा काही निघत नाही. उरलेले ४२० शब्द मात्र एकाच लेखाशी, सलग दीड पान जुळतात. एकूण प्रबंधाच्या मानाने हे फक्त साडेतीन टक्के, पण परीक्षक थांबेल तो इथेच. स्रोत उघडून दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवायचे. दाखवलेला स्रोत हाच मूळ असेल असेही नाही. विकिपीडियाचा मजकूर कितीतरी संकेतस्थळे उचलतात आणि यंत्र त्यांतल्याच एखाद्याकडे बोट दाखवते. कधी तर प्रबंधावरूनच दुसऱ्याने उतरवलेले असते, म्हणून तारखा पाहाव्या लागतात.

अवतरणे वगळणे हा अहवालातला सगळ्यात निसरडा भाग. यंत्र अवतरण ओळखते ते चिन्हांवरून. जर्मनमध्ये उघडणारे चिन्ह खाली आणि मिटणारे वर येते („ “). त्याऐवजी कोणी दोन स्वल्पविराम टाइप केले, तर नीट संदर्भ दिलेले अवतरणही उचलेगिरीत मोजले जाऊ शकते. लांब अवतरण चिन्हांशिवाय, समास सोडून आत ढकलून छापण्याचीही पद्धत आहे. तेही यंत्राच्या नजरेतून निसटू शकते. उलट, चिन्हे आहेत पण तळटीप नाही, असा मजकूर ‘अवतरण’ म्हणून मुकाट्याने वजा होऊ शकतो. त्यामुळे जाणकार परीक्षक अहवाल दोनदा काढतात, एकदा अवतरणांसह आणि एकदा वगळून, आणि दोन्हींत फरक पडला ती पाने स्वतः वाचतात.

एक युक्ती मात्र या वजाबाकीलाही पुरून उरते. लेखक एका वाक्याला चिन्हे लावतो, खाली तळटीप देतो आणि त्याच पुस्तकातली पुढची अख्खी परिच्छेदभर वाक्ये स्वतःची म्हणून लिहितो. जर्मनीत याला ‘बाउअर्नओप्फर’, म्हणजे बुद्धिबळातला प्याद्याचा बळी म्हणतात. अहवालात एक वाक्य वगळलेले आणि त्याला चिकटून त्याच स्रोताचा लाल पट्टा असे दिसले, तर तळटीप नेमकी कुठे संपते ते तपासायचे. पुढची वाक्ये थोडी फिरवून लिहिली असतील, तर तो पट्टाही तुटक होतो. जर्मन वाक्यात क्रियापदाची जागा बदलली किंवा जोडशब्द फोडला, तरी शब्दांची साखळी मोडते.

आणि इंग्रजी लेखाचे जर्मन भाषांतर करून दिले, तर शब्द ताडणाऱ्या यंत्राला बरेचदा काहीच सापडत नाही. जर्मनीत शिकणारी मराठी मुले बहुधा प्रबंध इंग्रजीतच लिहितात, पण त्यांचे स्रोत जर्मन असले तर गोष्ट तीच. अशा अहवालावर शून्य टक्के दिसले तरी परीक्षकाला संदर्भसूचीतली दोन-चार पुस्तके उघडून बसावेच लागते.