तीन माणसं, तीन पाट्या

फोटो २०१५ मधला. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात गिरोना नावाचं शहर आहे, तिथल्या रस्त्यावर काढलेला. फोटोग्राफर आंतोनियो गियेम. डावीकडे, अगदी पुढे, लाल पोशाखातली मुलगी चालत जाते. ती किंचित धूसर दिसते. मधे निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेला तरुण मान वळवून, ओठांचा चंबू करून तिच्याकडे बघतोय. त्याच्या शेजारची मैत्रीण तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघतेय. चित्रण चालू असताना कुणी ना कुणी मॉडेल सारखं हसत होतं, त्यामुळे खरे वाटतील असे चेहरे मिळवणं कठीण गेलं, असं गियेम यांनी पुढे सांगितलं.

हा स्टॉक फोटो होता, म्हणजे कुणालाही परवान्याचे पैसे भरून वापरता यावा म्हणून काढून ठेवलेला. अशा फोटोचं शीर्षक शोधणाऱ्याला सापडावं इतकं उघड असावं लागतं. म्हणून कॅटलॉगमध्ये त्याचं नाव पडलं ते साधारण असं: मैत्रिणीबरोबर चालताना दुसऱ्या मोहक मुलीकडे थक्क होऊन बघणारा बेइमान पुरुष.

जानेवारी २०१७ मध्ये तुर्कस्तानातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकवेड्यांच्या एका फेसबुक गटात या तिघांवर पहिल्यांदा नावं चिकटली. तरुण म्हणजे गायक फिल कॉलिन्स, लाल पोशाखातली मुलगी म्हणजे पॉप आणि संतापलेली मैत्रीण म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. कॉलिन्स जेनेसिस या बँडमधून पुढे आले आणि नंतर पॉपकडे वळले. जुन्या चाहत्यांच्या मनात ती सल होतीच. तीन शब्दांत ती मांडून झाली.

मला या मीमची खरी ताकद इथेच दिसते. पाट्या लागताच फोटोचं वाक्य होतं. मधला तरुण कर्ता. डावीकडे त्याला खुणावणारी गोष्ट. उजवीकडे जिचा हात त्याने आधीच धरलाय ती. हा धरलेला हात फार महत्त्वाचा आहे. तरुणावर 'वाचक', लाल मुलीवर 'नवी कादंबरी' आणि मैत्रिणीवर 'अर्धी वाचून ठेवलेली कादंबरी' असं लिहून बघा, लगेच कळतं. आता मैत्रिणीवर 'न घेतलेली कादंबरी' लिहा. मीम तिथेच मोडतं, कारण जे हातात नाही त्याच्याशी बेइमानी होत नाही. आणखी एक अडचण लांबीची. पाटीवर पूर्ण वाक्य लिहिलं की डोळा चेहरे सोडून अक्षरांत अडकतो, आणि गंमत तर चेहऱ्यांत आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये ट्विटरवर एकाने तरुणाला 'तरुण पिढी', लाल मुलीला 'समाजवाद' आणि मैत्रिणीला 'भांडवलशाही' केलं. त्यानंतर हा फोटो सगळीकडे झाला. त्याच मॉडेल्सचे गियेम यांनी काढलेले इतर फोटो शोधून लोकांनी त्यांची प्रेमकथाही जुळवली. पुढच्या वर्षी चॅप्लिनच्या १९२२ च्या 'पे डे' चित्रपटातला अगदी तसाच एक क्षणही कुणीतरी हुडकला. ही रचना मुळात नवी नव्हतीच. जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६१ च्या सुमारास नट डेव्हिड गॅरिक यांना शोकांतिका आणि सुखात्मिका अशा दोन स्त्रियांच्या मधे रंगवलं होतं.

पाट्यांनी माणसं पुसली जातात का, हा प्रश्न २०१८ मध्ये स्वीडनमध्ये उभा राहिला. बानहोफ या इंटरनेट कंपनीने नोकरभरतीसाठी हाच फोटो वापरला. तरुण म्हणजे 'तू', लाल मुलगी म्हणजे बानहोफ आणि मैत्रीण म्हणजे तुझी सध्याची नोकरी. तक्रारी आल्या. तिथल्या जाहिरात-लोकपालाने जाहिरात लिंगभेदी ठरवली. स्त्रिया म्हणजे एकीच्या जागी दुसरी घ्यावी अशा वस्तू, असं ती दाखवते, आणि पुरुष स्त्रियांकडे तसंच बघतात हा साचाही ती पक्का करते, असा त्याचा आक्षेप होता. मीम सगळ्यांना ओळखीचं आहे, हे कंपनीचं म्हणणं. लोकपालाला दंड करण्याचा अधिकार नाही, त्यामुळे प्रकरण टीकेवरच थांबलं.

मला लोकपालाचं पटतं. फेसबुकवरच्या गटात वाचणारा पॉप आणि रॉक बघतो, कारण भांडण त्या दोघांचं असतं. नोकरीच्या जाहिरातीत मात्र 'तू' म्हणून वाचणाऱ्यालाच त्या तरुणाच्या जागी उभं केलंय. अर्ज करू बघणाऱ्या बाईने तिथे कुठे उभं राहायचं? तिच्यासाठी चित्रात दोनच जागा उरतात, टाकलेली किंवा टापलेली.

मार्च २०१९ मध्ये हंगेरी सरकारने जन्मदर वाढवण्याच्या आपल्या योजनेचे फलक लावले. त्यांवर सुखी जोडपं म्हणून झळकले ते हाच तरुण आणि हीच मैत्रीण, दुसऱ्या एका फोटोतले. लाल पोशाखातली मुलगी त्यात नव्हती, पाट्याही नव्हत्या. तरीही लोकांनी त्या दोघांना ओळखलं.