युवकांमधील स्व-इजा : तिचे कार्य आणि अध्यापकाचा प्रतिसाद

प्रस्तावना

इ.स. २०१७ च्या जुलैअखेरीस मुंबईतील अंधेरी येथे एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि त्याचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या तथाकथित खेळाशी जोडला गेला. त्यानंतर मुलांच्या हातांवर ओरखडे आहेत काय, हे तपासण्याची घाई अनेक ठिकाणी सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने संसदेत सांगितले की, चौकशी झालेल्या कोणत्याही घटनेत या खेळाचा सहभाग सिद्ध झालेला नाही. खेळाची भीती ओसरली. परंतु ज्यांच्या हातांवर खरोखरच व्रण होते, ते कशामुळे, हा प्रश्न मागेच राहिला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने विचार केला आहे.

स्व-इजेचे कार्य

मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला हेतुपुरस्सर केलेली इजा म्हणजे येथे अभिप्रेत असलेली स्व-इजा होय. व्रत, नवस यांसारख्या समाजमान्य प्रथा तीत मोडत नाहीत. मॅथ्यू नॉक व मिचेल प्रिन्स्टीन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ‘ही कृती त्या व्यक्तीसाठी काय साधते?’ असा प्रश्न विचारून तिची चार कार्ये मांडली. असह्य भावना शमविणे, बधिरपणात काहीतरी जाणवून घेणे, इतरांकडून मदत वा प्रतिसाद मिळविणे आणि नकोशा प्रसंगातून सुटका करून घेणे, ही ती चार होत. यांपैकी पहिले कार्य सर्वाधिक आढळते. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी नाटक’ हा स्टाफरूममधील आवडता निष्कर्ष म्हणूनच बहुधा चुकतो. जी गोष्ट महिनोन्महिने बाहीखाली लपविली जाते, ती प्रदर्शनासाठी असण्याची शक्यता कमीच.

एक कल्पित, परंतु प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. खेड्यातून एस.टी.ने रेणापूरला येणारी बी.एस्सी. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी. लातूरला राहून तिने नीटची परीक्षा दोनदा दिली, गुण कमी पडले. घरी शिकवणीच्या कर्जाचा विषय निघाला की ती निमूटपणे ऐकते. रात्री अपराधीपणा आणि स्वतःविषयीचा राग इतका दाटतो की विचार थांबत नाहीत. इजा केल्यावर काही वेळ मन शांत होते. नंतर लाज वाटते, आणि त्या लाजेतूनच पुढच्या वेळचा ताण साठतो. क्षणिक सुटका हेच या कृतीचे बक्षीस ठरते व सवय घट्ट होते. ‘असे पुन्हा करणार नाही’ अशी शपथ का टिकत नाही, हे यावरून कळते : शपथ उपाय काढून घेते, ताण मात्र तसाच ठेवते.

अध्यापकाचा प्रतिसाद

प्रात्यक्षिकाच्या वेळी तिच्या मनगटावरील व्रण अध्यापिकेच्या दृष्टीस पडले, असे समजू. सर्वांदेखत बाही वर करावयास लावणे, लेखी हमी घेणे किंवा त्याच क्षणी वडिलांना फोन करणे, हे तीन मार्ग सहज सुचतात. तिन्हींचा परिणाम एकच होतो : इजा थांबत नाही, ती अधिक लपविली जाते. तास संपल्यावर, एकांतात, शांत स्वरात एवढे म्हणणे पुरेसे असते : “तुझ्या हातावरच्या खुणा मला दिसल्या. मी रागावलेले नाही. केव्हा फार जड जातं, ते सांगशील का?” जखम ताजी असल्यास आधी मलमपट्टी. कशाने केले, किती वेळा केले, याची उलटतपासणी मात्र नको.

त्यानंतरचा प्रश्न टाळू नये : “मरून जावं असंही मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात भरतो, ही समजूत निराधार आहे. हेतू आत्महत्येचा नसला तरी स्व-इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो, म्हणून हे विचारणे आवश्यक ठरते, आणि एकदाच विचारून भागत नाही. उत्तर होकारार्थी असेल, योजना ठरलेली असेल किंवा इजा गंभीर होत चालली असेल, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था रेणापूरहून फार दूर नाही. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

गुप्ततेचे आश्वासन सरसकट देऊ नये; पुढे मोडावे लागलेले वचन विश्वास कायमचा घालविते. “जिवाला धोका वाटला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल, पण आधी तुला विचारून सांगेन,” असे प्रारंभीच स्पष्ट करावे. विद्यार्थिनी अल्पवयीन असल्यास पालकांना कळविणे बहुतेक वेळा टळत नाही. तेव्हाही कोणाला, कोणत्या शब्दांत व कोणाच्या उपस्थितीत सांगावयाचे, हे तिच्याशी बोलून ठरविता येते. उदाहरणातील मुलीने वडिलांऐवजी मोठ्या बहिणीचे नाव सुचविले असते, तर संभाषण तेथूनच सुरू करणे योग्य.

अध्यापक उपचारक नव्हे. भावना सहन करण्याची व इजेची उर्मी ओसरेपर्यंत वेळ काढण्याची कौशल्ये प्रशिक्षित समुपदेशक शिकवितो, आणि त्याला काही महिने लागतात. मधल्या काळात इजा पुन्हा घडू शकते. तशी ती घडली आणि मुलगी स्वतःहून येऊन म्हणाली, “मॅडम, काल परत झालं,” तर ते उपचाराचे अपयश समजू नये. पूर्वी ती हे कोणालाच सांगत नव्हती.